सुटी खोकी की पॅलेट? वीस फुटी कंटेनर भरण्याआधीचा हिशोब

नाशिकच्या अंबड-सातपूरच्या बऱ्याच कारखान्यांत माल न्हावा शेवा बंदराला निघायच्या आदल्या दिवशी खोकी सुटी भरायची की पॅलेटवर रचून, हा वाद रंगतो. आपण ४०×३०×२५ सेंमीचं, १२ किलोचं खोकं घेऊ. खोक्यावर सात थरांची मर्यादा छापलेली आहे.

नुसता घनफळाचा भागाकार केला तर वीस फुटी कंटेनरमध्ये ११०० खोकी बसायला हवीत. पण आतली लांबी साधारण ५८९ सेंमी, रुंदी २३५ आणि उंची २३९. सगळी खोकी एकाच दिशेने लावली तर एका थरात जास्तीत जास्त ९८ बसतात. रुंदीत पाच रांगा ४० सेंमीच्या बाजूने आणि सहावी ३० च्या बाजूने लावली, की २३० सेंमी भरतात आणि थरात १०९ खोकी बसतात. उंचीत नऊ थर मावतात, पण मर्यादा सातची. म्हणजे ७६३. वजन नऊ टनांच्या आसपास, त्यामुळे इथे वजनाचा प्रश्नच येत नाही.

आता १२०×१०० सेंमीचं पॅलेट. त्यावर एका थरात दहा खोकी अगदी काठोकाठ बसतात: ४० सेंमीच्या एका पट्टीत चार, ३० च्या दोन पट्ट्यांत तीन-तीन. सात थरांचं एक पॅलेट ७० खोक्यांचं. कंटेनरमध्ये एका बाजूला पाच आणि दुसऱ्या बाजूला चार अशी सरळ रांगांत नऊ पॅलेट जातात, म्हणजे ६३०. दाराशी उरलेल्या जागेत लाकडी आडण लावून माल अडवावाच लागतो, नाहीतर कसारा घाटात तो सरकतो.

फरक १३३ खोक्यांचा, पण निर्णय ऑर्डरच्या आकड्यावर ठरतो. ऑर्डर १५०० ची असेल तर सुटा माल दोन कंटेनरमध्ये मावतो, पॅलेटला तिसरा लागतो. तिथे सुटंच भरावं. ऑर्डर १२०० ची असेल तर दोन्हीकडे दोनच कंटेनर. मग हमालांकडून एकेक खोकं आत रचून घेण्यात काय अर्थ? फोर्कलिफ्टने नऊ पॅलेट आत ढकलावीत, पलीकडे ग्राहकाकडेही माल तसाच पटकन उतरेल. मात्र लाकडी पॅलेट निर्यातीसाठी गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं किंवा मान्य धुरी दिलेलं आणि शिक्का मारलेलं हवं.

दोन्हीकडे सारखीच होणारी एक चूक आहे. चळत पक्की व्हावी म्हणून कामगार वरचा थर फिरवून विटांसारखा सांधा जुळवतात. खोक्याची ताकद कोपऱ्यांत असते. वरचा कोपरा खालच्या खोक्याच्या मधोमध आला की झाकण दबतं. खालच्या थराच्या बाजू फुगलेल्या दिसल्या तर हेच झालंय समजा. कोपऱ्यावर कोपरा ठेवून सरळ रचा आणि पॅलेट असेल तर स्ट्रेच फिल्म गुंडाळा.

कंपनीगणिक कंटेनरची आतली मापं दोन-तीन सेंमी इकडेतिकडे होतात. सुट्या खोक्यांच्या मांडणीत रुंदीत पाचच सेंमी मोकळे आहेत, त्यामुळे गाडी आली की आधी टेप लावा.