दहा महिने वापरलेले प्लास्टिकचे पत्ते: बावन्न पानं झकास, जोकरांनी मात्र घात केला

दर शनिवारी आमच्याकडे रमी बसते, म्हणून एकाच छापाचे दोन कॅट घेतले. पानं अजून नव्यासारखी आहेत. चहा सांडला तरी पुसून घ्यायची, की झालं. तक्रार आहे ती जोकरांची.

तिसऱ्याच शनिवारी वहिनी म्हणाल्या, "वन्सं, तुमच्या हातात जोकर आलाय ना?" पान उलटं धरलेलं, तरी ओळखलं! दुसऱ्या दिवशी सगळी पानं पालथी घालून खिडकीच्या उजेडात पसरली. चारही जोकरांच्या पाठीचा निळा रंग फिका. दुकानदार म्हणाला, "कॅट बावन्नाचा, जोकर वरचे." मला राग आला. रमीत जोकर पाठीवरून ओळखू आला तर खेळात उरलं काय?

छापील जोकर काढून टाकले आणि नुसत्या कटजोकरावर खेळायला लागलो. चौकट सत्ती उघडली, तर दोन कॅटांतल्या बाकीच्या सात सत्त्या जोकर. आधी चार छापील धरून अकरा व्हायचे. पहिले दोन शनिवार हात लागता लागेना, सगळे कुरकुरले. आता मात्र मला हाच खेळ आवडतो. सिक्वेन्स खरोखर जुळवावा लागतो.

दुकानदाराचं म्हणणंही पुढे पटलं. जोकर हे अमेरिकेत १८६०च्या दशकात युकर खेळासाठी आलेलं जादा पान, सगळ्यात वरचा हुकूम म्हणून. आमच्या घरी सावंतवाडीची दशावतारी गंजिफा आहे. तिची गोल पानं १२०, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. त्यात राणी नाही, गुलाम नाही, जोकरही नाही.

मग मे महिन्यात एका कॅटात एक्कावन्न पानं भरली. कुठलं पान गेलं ते असं शोधलं: एक्का एक, गुलाम अकरा, राणी बारा, राजा तेरा धरून बेरीज करत जायचं आणि तेराच्या वर गेली की तेरा वजा करायचे. पूर्ण कॅटाची बेरीज ३६४, म्हणजे तेराची बरोबर अठ्ठावीस पट, त्यामुळे शेवटी तेराच उरायला हवेत. माझ्याकडे चार उरले. तेरातून चार गेले, नऊ. म्हणजे नव्वी गेली. नव्व्या बाहेर काढल्या, तर चौकट नव्वी नव्हती.

तेव्हा काढून ठेवलेला जोकर कामाला आला. त्याच्यावर मार्करने चौकट नव्वी लिहिली. बदाम सातला चालते, पण रमीला तो कॅट बाद, कारण पाठ फिकीच! जोकराची पाठ नीट छापली असती तर दुसरा कॅट घ्यावा लागला नसता. पुढचा घेताना दुकानातच जोकर आणि एखादा राजा शेजारी शेजारी पालथे ठेवून बघणार, मगच पैसे देणार.