मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावावी की ग्राफिक्स कार्डला?

डेस्कटॉप सुरू केल्यावर पंखे फिरतात, कीबोर्डवरचा कॅप्स लॉकचा दिवा बटण दाबताच लागतो-विझतो, आणि मॉनिटरवर मात्र `No Signal` एवढेच दिसते. अशा वेळी कार्ड किंवा रॅम खराब झाली असे ठरवण्याआधी कॅबिनेटची मागची बाजू पाहावी. नेहमीच्या उभ्या कॅबिनेटमध्ये वरच्या भागात यूएसबी आणि ऑडिओच्या सॉकेटांशेजारी जो एचडीएमआय पोर्ट असतो, तो मदरबोर्डचा. त्याच्या खाली, वेगळ्या आडव्या धातूच्या पट्टीवर जे पोर्ट असतात, ते ग्राफिक्स कार्डचे. नव्या कार्डाच्या पोर्टांवर बहुधा प्लास्टिकची टोपणे असतात, त्यामुळे ते बंद करून ठेवलेले आहेत असा समज होतो आणि केबल सहज वरच्या उघड्या पोर्टात जाते.

दोन्ही पोर्ट दिसायला सारखे असले तरी त्यांना चित्र वेगवेगळ्या ठिकाणांहून मिळते. मदरबोर्डचा पोर्ट प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्सवर अवलंबून असतो, तर कार्डाचा पोर्ट थेट कार्डावर. म्हणून निवड करण्याआधी प्रोसेसरचे पूर्ण नाव वाचणे आवश्यक आहे. इंटेलच्या कोअर आय५-१२४०० मध्ये अंगभूत ग्राफिक्स आहे. आय५-१२४००एफ मध्ये ते नाही. शेवटचे ‘एफ’ हे एकच अक्षर हा फरक सांगते. एएमडीच्या रायझन ५ ५६०० मध्येही ते नाही, ५६००जी मध्ये आहे. ज्या प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स नाही, त्याच्या जोडीला मदरबोर्डवर एचडीएमआय पोर्ट दिसत असला तरी त्याचा उपयोग शून्य. तेथे कार्डाचा पोर्ट हाच एकमेव पर्याय उरतो.

माझ्या परिचयातील एका घरी आय५-१२४००एफ आणि आरटीएक्स ३०६० असलेला संगणक दोन दिवस बंद समजला गेला होता. मॉनिटर जुना, त्याला फक्त व्हीजीए केबल. कार्डावर एक एचडीएमआय आणि तीन डिस्प्लेपोर्ट, व्हीजीए नाहीच. मदरबोर्डवर मात्र व्हीजीए होता, म्हणून केबल तेथे लावली गेली. केबल जेथे बसते तेथे लावावी, हा विचार चुकीचा म्हणता येत नाही, पण चित्र येणार नव्हतेच. कार्डाच्या एचडीएमआयला एचडीएमआय-ते-व्हीजीए कन्व्हर्टर लावून त्याला जुनी केबल जोडताच चित्र आले. हा कन्व्हर्टर आतल्या चिपद्वारे डिजिटल सिग्नलचे ॲनालॉगमध्ये रूपांतर करतो. दोन टोके नुसती तारांनी जोडलेली स्वस्त केबल हे काम करू शकत नाही. मॉनिटरला एचडीएमआय असेल तर अर्थातच या खटाटोपाची गरज नाही.

आता प्रोसेसर साधा आय५-१२४०० असेल तर? अनेक मदरबोर्ड कार्ड ओळखल्यावर अंगभूत ग्राफिक्स आपोआप बंद करतात, त्यामुळे येथेही पडदा काळाच राहू शकतो. बायोसमध्ये `iGPU Multi-Monitor` किंवा तत्सम नावाचा पर्याय चालू केला, तर मदरबोर्डच्या पोर्टातूनही चित्र मिळते. मात्र मला हीच स्थिती अधिक फसवी वाटते, कारण चित्र येते म्हणून कोणी पुढे तपासत नाही. विंडोजचा डेस्कटॉप व्यवस्थित दिसतो, पण गेम एकतर अंगभूत ग्राफिक्सवर रखडत चालतो, किंवा कार्डाने तयार केलेली चित्राची प्रत्येक फ्रेम अंगभूत ग्राफिक्समार्गे पडद्यापर्यंत न्यावी लागते आणि त्यात वेग थोडा घटतो. विंडोज ११ मध्ये `Settings` › `System` › `Display` › `Advanced display` येथे मॉनिटर कोणाशी जोडलेला आहे हे लिहिलेले असते. तेथे कार्डाऐवजी `Intel(R) UHD Graphics 730` दिसले, तर केबल वरच्या पोर्टात आहे असे समजावे.

त्यामुळे मुख्य मॉनिटर नेहमी कार्डालाच जोडावा. मदरबोर्डचा पोर्ट मी दोनच प्रसंगी निवडेन, आणि दोन्ही प्रसंगी प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स असणे ही अट आहे. एक, कार्डाचे पोर्ट अपुरे पडत असून फक्त ईमेल किंवा कागदपत्रांसाठी आणखी एक मॉनिटर हवा असेल तेव्हा. दुसरा, कार्डावरच संशय असेल तेव्हा: वीज बंद करून कार्ड काढावे, केबल मदरबोर्डला लावावी आणि चित्र येते का ते पाहावे.

केबल कार्डाला हलवल्यावर चित्र बहुधा लगेच येते. न आल्यास संगणक पुन्हा सुरू करावा आणि मॉनिटरच्या बटणांवरून योग्य इनपुट निवडले आहे याची खात्री करावी. त्यानंतरही पडदा काळा राहिला आणि मदरबोर्डवर `VGA` लिहिलेला, म्हणजे येथे ग्राफिक्स कार्डाचा, छोटा दिवा सतत लागलेला असेल, तर दोष केबलच्या जागेत नाही. कार्ड स्लॉटमध्ये पूर्ण बसले आहे का आणि पॉवर सप्लायमधून त्याला येणारी केबल घट्ट आहे का, हे तपासावे.