विरळ पाण्यातील जिवाणू मोजताना: ओतीव प्लेट की मेम्ब्रेन गाळणी?

शंभर मिलिलिटर पाण्यात जेमतेम 30 जिवाणू असतील, तर ओतीव प्लेटमध्ये, म्हणजे वितळलेल्या पोषक माध्यमात मिसळून प्लेटमध्ये ओतलेल्या 1 मिलिलिटर नमुन्यात, सरासरी 0.3 जिवाणू येतो; म्हणजे चारपैकी सुमारे तीन प्लेटा कोऱ्या राहतात आणि पाणी स्वच्छ असल्याचा भास होतो. मेम्ब्रेन गाळणीत मात्र तेच 100 मिलिलिटर पाणी 0.45 मायक्रोमीटर छिद्रांच्या निर्जंतुक पटलातून निर्वात पंपाने ओढून घेतात, पटल पोषक माध्यमावर ठेवतात आणि उबवणीनंतर त्यावर एकेका जिवाणूपासून वाढलेल्या साधारण 30 वसाहती मोजता येतात. पटलाखाली हवेचा बुडबुडा राहिला, तर तेवढ्या जागी पोषण न पोहोचल्याने वसाहती उगवत नाहीत. गढूळ पाण्यात मात्र गाळाने छिद्रे बुजतात. तेथे, जिवाणू पुरेसे दाट असतील तर, मी ओतीव प्लेटच निवडेन.