एकाच प्रश्नासाठी दोन पदव्या का?

मला अर्थशास्त्र आणि पर्यावरणशास्त्र अशा दोन्ही पदव्या घ्यायच्या आहेत, कारण माझा प्रश्न असा: समुद्रातून दरवर्षी किती मासे काढावेत आणि ती मर्यादा पाळली कशी जाईल?

प्रश्नाचा दुसरा भाग अर्थशास्त्र चांगला उलगडतं. मासा कुणाच्याच मालकीचा नसेल तर तो आज सोडून देण्यात कुणाचाच फायदा नसतो, म्हणून मासेमारीचा वाटा नेमून द्यावा. पण माशांचा साठा किती वेगाने वाढतो, हा आकडा ते बाहेरून घेतं. शिवाय मासा व्याजदरापेक्षा हळू वाढत असेल, तर साठा संपवून पैसे गुंतवणंच फायद्याचं, असंही गणित निघू शकतं.

वाढीचा वेग पर्यावरणशास्त्र सांगतं. पण ते अडतं कुठे, हे कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाने दाखवलं. तिथले साठ्याचे अंदाज बऱ्याच अंशी ट्रॉलरच्या दर तासाच्या मासेमारीवर बेतलेले होते. उरलेले मासे थव्याने एकत्र येत आणि ट्रॉलर नेमके तिथेच जात. त्यामुळे साठा घटत असतानाही जाळी भरलेलीच दिसली. शेवटी 1992 मध्ये मासेमारीवर बंदी आली.

ट्रॉलर कुठे जाईल हे नफा ठरवतो, मासे कुठे जमतील हे जीवशास्त्र. दर तासाच्या मासेमारीचा तो आकडा वाचायला मला दोन्ही शास्त्रं हवीत.