लेड बॅटरीची ई-रिक्षा ग्वाल्हेरात वर्षभर चालवल्यावर

गाडीबद्दल माझी फारशी तक्रार नाही. मोटर ठीक आहे, पाटे ठीक आहेत, पत्रा पावसाळ्यात थोडा गंजला, तेवढं चालायचंच. लिहायला बसलो ते बॅटरीमुळे आणि विक्रेत्याशी झालेल्या भांडणामुळे. घ्यायच्या आधी मीही लोकांचे अनुभव शोधत होतो, पण बहुतेकांनी पहिल्या महिन्यातच लिहून टाकलेलं. पहिल्या महिन्यात प्रत्येक ई-रिक्षा चांगलीच असते.

माझा फेरा बाडा, फूलबाग, पडाव, स्टेशन, तिथून सवारी मिळाली तर गोले का मंदिर नाहीतर मुरार. गाडी नेहमीची, चार सवाऱ्यांची, पंचवीसच्या वेगाची. सीटखाली १२ व्होल्टच्या चार लेड बॅटऱ्या. रात्री लावली की सकाळी तयार, नवी असताना एका चार्जवर दिवसभराचं काम आरामात निघायचं.

थंडी संपल्यावर पहिली शंका आली ती पडावच्या पुलावर. थंडीत लेड बॅटरी कमी चालते हे माहीत होतं, त्यामुळे जानेवारीत लक्ष दिलं नाही. पण फेब्रुवारी उलटला, ऊन वाढलं, तरी संध्याकाळी चार सवाऱ्या घेऊन पूल चढताना मीटरचा आकडा ४९ वरून एकदम ४३ वर यायचा आणि गाडी ओढ सोडायची. सपाटीला आलं की पुन्हा ४८. नीट भरलेला आणि चारही बॅटऱ्या सारख्या असलेला संच चढावर तीनेक व्होल्ट पडतो, एवढा नाही. रेंज कमी झाली हे तुम्हाला आठवड्यांनी कळतं, पण एखादी बॅटरी गेली आहे हे चढ त्याच दिवशी सांगतो.

विक्रेत्याकडे गेलो तर त्याने झाकणही न उघडता सांगितलं, ‘पूरा सेट बदलना पड़ेगा भैया.’ वॉरंटी चालू असताना हे ऐकून माझं डोकं फिरलं. मी गाडी तशीच घेऊन शिंदे की छावणीच्या एका जुन्या इन्व्हर्टर मेकॅनिककडे गेलो. त्याने केलं ते प्रत्येक चालकाने एकदा तरी बघावं.

रात्रभर चार्ज करून, मग दोन-तीन तास गाडी न हलवता त्याने चारही बॅटऱ्या मल्टिमीटरने वेगवेगळ्या मोजल्या. तीन १२.७ च्या आसपास, चौथी १२.२. मग मागची सीट काढून तो स्वतः मल्टिमीटर घेऊन बसला, समोर दोन धडधाकट माणसं बसवली आणि मी गाडी पुलावर घेतली. चढावर तीन बॅटऱ्या साडेअकराच्या वर टिकल्या, चौथी दहाच्याही खाली गेली. परत आल्यावर त्याने त्या चौथीची सहाही झाकणं काढून काचेच्या हायड्रोमीटरने ॲसिड ओढून ते किती दाट आहे ते पाहिलं. चार्ज कमी तेवढं ॲसिड पातळ आणि आतलं तरंगतं खाली. पाच कप्प्यांत तरंगतं १२५० च्या वर उभं राहिलं. सहाव्यात ते ११५० ला बुडालं आणि वर आलेलं पाणी गढूळ, तपकिरी. चार बॅटऱ्यांचे मिळून चोवीस कप्पे, त्यातला एक गेलेला. सगळे एकामागोमाग एकाच साखळीत जोडलेले, म्हणून त्या एकाने सगळी गाडी धरून ठेवली होती.

हे आकडे मी कागदावर लिहून घेतले, प्रत्येक बॅटरीवर ठोकलेल्या क्रमांकासकट, आणि विक्रेत्यासमोर ठेवले. आता त्याचा सूर बदलला: नळाचं पाणी घातलं असेल, ॲसिड घातलं असेल. मी डिस्टिल्ड वॉटरच घालतो आणि डब्यांच्या पावत्या ठेवतो, त्याही दाखवल्या. (पाणी चार्ज झाल्यावर घालायचं, आधी घातलं तर चार्जिंगमध्ये ॲसिड उतू जातं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या बुडतील एवढं आधी घालायचं. ॲसिड वरून कधीच घालायचं नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात दर आठवड्याला झाकणं उघडून बघावं लागतं.) शेवटी त्याने ती एक बॅटरी तपासणीला ठेवून घेतली. तोपर्यंत वापरायला बदली बॅटरी दिली नाही, म्हणजे तेवढे दिवस गाडी घरी उभी आणि हप्ता चालू. ते नुकसान कोणत्याच वॉरंटी कार्डात बसत नाही.

बॅटरी बदलून मिळाली. पण जुन्या तिघींत नवी एक घातली तर संच नवा होत नाही, कारण गाडी किती जाईल हे सगळ्यात अशक्त बॅटरी ठरवते. आता त्या तीनही उतरणीला लागल्यात. पुढच्या दिवाळीच्या गर्दीपर्यंत ओढतील असं मला वाटत नाही.

इथपर्यंत वाचून वाटेल की मी सरळ लिथियम घ्या म्हणणार. लिहायला घेतलं तेव्हा माझंही तेच मत होतं. पण माझ्या मेहुण्याने माझ्यानंतर लवकरच लिथियमची घेतली, आणि दोघांचे हिशेब एका वहीत मांडल्यावर मत थोडं बदललं.

माझी गाडी रस्त्यावर येईपर्यंत १,६५,००० ला पडली. ४५,००० भरले, १,२०,००० चं कर्ज, दोन वर्षं, व्याज ‘१४ टक्के फ्लॅट’. फ्लॅट म्हणजे तुम्ही मुद्दल फेडत गेलात तरी व्याज पहिल्या दिवसाच्या पूर्ण रकमेवरच लागतं. वर्षाचे १६,८००, दोन वर्षांचे ३३,६००, मिळून १,५३,६००, हप्ता ६,४००. बँकेच्या घटत्या शिलकीच्या पद्धतीने हेच व्याज जवळजवळ २५ टक्के पडतं. फायनान्सवाल्याला एवढंच विचारा: ‘घटत्या शिलकीवर किती?’ आणि लेखी मागा.

मेहुण्याची गाडी अनुदान वजा होऊन २,०५,००० ला. केंद्राची पी. एम. ई-ड्राइव्ह योजना १ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाली, तिचं अनुदान लेडच्या गाडीला मिळत नाही. त्यानेही ४५,००० च भरले, म्हणून कर्ज १,६०,००० आणि त्याच दराने हप्ता सुमारे ८,५३०. म्हणजे दोन वर्षांत तो माझ्यापेक्षा साधारण ५१,००० जास्त भरणार.

पण माझा संच कर्ज संपायच्या आधीच संपतोय. नव्या चार बॅटऱ्या, जुन्या भंगारात देऊन, मला ३६,००० ला सांगितल्या आहेत. शिवाय लेड वीज जास्त खाते. मला रोज आठेक युनिट लागतात, त्याला सहा. दोन वर्षांत त्यात दहा-बारा हजार जातात. म्हणजे ५१,००० च्या समोर माझे ४८,०००. पैशाच्या बाजूने दोघं सारखेच. फरक एवढाच की कर्ज फिटेल तेव्हा त्याच्या बॅटरीची वॉरंटी अजून वर्षभर शिल्लक असेल आणि माझा दुसरा संचही थकलेला असेल.

खरा फरक दुपारचा आहे. मेहुणा दोन वाजता जेवायला घरी येतो, गाडी लावतो, चार वाजता निघतो तेव्हा अर्ध्याहून जास्त बॅटरी परत भरलेली असते. लेडला हे जमत नाही. तिला भरायला आठ-दहा तास लागतात, शेवटचा भाग तर हळूहळूच भरतो आणि रोज अर्धवट भरली तर प्लेटांवर पांढरा थर धरून ती लवकर मरते. बाड्यावर खरेदीची गर्दी संध्याकाळी सहा ते नऊ असते आणि नेमकं तेव्हाच मी मीटर बघत घराकडे वळतो. त्या तीन तासांत त्याला माझ्यापेक्षा दीडशे-दोनशे रुपये जास्त सुटतात.

दिवसाचा हिशेब म्हणून असा येतो. माझा बरा दिवस ९०० चा. त्यातून वीज ७०, हप्त्याचे महिन्याच्या सव्वीस दिवसांवर पसरून २५०, पुढच्या संचासाठी बाजूला १४०, टायर-ब्रेक वगैरे ४०. हातात राहतात ४००. त्याचा दिवस १,०६० चा: वीज ५५, हप्ता ३३०, बॅटरीसाठी ६०, किरकोळ ४०, राहतात ५७५. विक्रेता ‘रोज हज़ार कमाओ’ म्हणतो तेव्हा तो बॅटरीचे १४० कधीच वजा करत नाही. ते रोज बाजूला काढले नाहीत, तर दहाव्या-अकराव्या महिन्यात एकदम ३६,००० समोर येतात, आणि तेव्हा लोक व्याजाने पैसे उचलतात. माझ्याच स्टँडवरच्या दोघांच्या गाड्या अशाच गेल्या.

आता लिथियमची दुसरी बाजू. एप्रिलमध्ये मेहुण्याचा हप्ता चार दिवस चुकला आणि सकाळी गाडी सुरूच झाली नाही. बॅटरीत बसवलेल्या यंत्रातून फायनान्सवाल्याने ती लांबूनच बंद केली होती. ‘भाऊजी, सवाऱ्या बसल्या आणि गाडी मेली,’ असं फोनवर सांगताना तो रडकुंडीला आला होता. पैसे भरल्यावर संध्याकाळी सुरू झाली. करारात हे बारीक अक्षरात असतं, सही करायच्या आधी वाचून घ्या. दुसरं म्हणजे ती पेटी उघडून दुरुस्त करणारा माणूस मला ग्वाल्हेरच्या लष्कर भागात अजून भेटलेला नाही. बिघडली की कंपनीकडेच जाते. माझ्या लेडचा रोग छावणीतल्या मेकॅनिकने अर्ध्या दिवसात हुडकला.

म्हणून ज्याला सकाळी शाळेची मुलं आणि दुपारी मंडईचा माल एवढंच करायचंय, त्याने जास्तीचा हप्ता भरू नये, लेड पुरते. ज्याचं पोट संध्याकाळच्या सवारीवर आहे आणि ज्याच्याकडे दुपारी गाडी लावायला स्वतःचा प्लग आहे, त्याने लिथियम घ्यावी. प्लग नसेल, रात्री गॅरेजला ठरलेलं भाडं भरून लावावी लागत असेल, तर दुपारचा फायदाही जातो आणि विजेची बचतही गॅरेजवाल्याच्या खिशात जाते.

आता माझ्याच गाडीत लिथियम घालू का, असं काही जण विचारतात. मी चौकशी केली. कर्जाचे जेमतेम वर्षभराचे हप्ते उरलेत. त्यावर लिथियमची पेटी, तिचा वेगळा चार्जर आणि आरसीवरच्या बॅटरीच्या नोंदीचा प्रश्न. बाजारात बिनक्रमांकाच्या स्वस्त पेट्या मिळतात, पण सवाऱ्यांच्या सीटखाली त्या मी ठेवणार नाही. हा संच संपला की पुन्हा लेडच घालणार, चारही बॅटऱ्या एकाच महिन्यात बनलेल्या, आणि या वेळी दुसऱ्या दुकानातून, जिथे तपासणीपुरती बदली बॅटरी देतो असं बिलावर लिहून मिळेल.