सकाळच्या तयारीचा एक पानी तक्ता: सात महिन्यांच्या वापरानंतर

इंदूरला लोकमान्य नगर, रामबाग भागात इंट्राडे करणाऱ्या मंडळींमध्ये एक पानी मराठी तक्ता फिरतो. कुणी छापून भरतं, कुणी शीटमध्ये. रकाने चारच: लेव्हल, गॅप, बातमी आणि ‘आज ट्रेड नाही, जर…’. सात महिने रोज भरल्यावर एक गोष्ट पक्की कळली. पहिले तीन रकाने भरायचे ते चौथ्यासाठी, आणि मूळ तक्त्यात नेमका तोच कच्चा आहे. तिथे ‘बाजार फार अस्थिर असेल तर’ असं छापलंय. फार म्हणजे किती, हे सव्वानऊला हात शिवशिवत असताना कोण ठरवणार? अट अशी हवी की उत्तर फक्त हो किंवा नाही येईल.

लेव्हलसाठी बारा ओळी दिल्यात, त्यातल्या सात सरळ खोडा. कालचा उच्चांक, नीचांक, बंद भाव आणि रोजच्या चार्टवर भाव स्पष्ट वळला अशा दोन जागा, एवढं पुरतं. बारा ओळी भरल्या की भाव कुठेही असो, जवळ एखादी रेघ सापडतेच आणि प्रत्येक ट्रेडला कारण मिळतं.

गॅपचा रकाना चांगला आहे, पण तो दोन ठिकाणी चुकतो. पहिली चूक कालच्या भावाची. साडेतीनचा शेवटचा सौदा म्हणजे बंद भाव नव्हे. बंद भाव शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांच्या भारित सरासरीवरून निघतो, म्हणून पाच मिनिटांच्या चार्टवरची शेवटची कँडल आणि एक्स्चेंजचा आकडा जुळत नाहीत. एक्स्चेंजचाच घ्या. दुसरी चूक घाईची. प्री-ओपनमध्ये नऊपासून दिसणारा भाव पक्का नसतो, कारण ऑर्डर बदलता किंवा रद्द करता येतात. ऑर्डर घेणं 9:07 ते 9:08 च्या दरम्यान कधीतरी बंद होतं आणि मग भाव ठरतो. त्यामुळे हा रकाना 9:09 ला भरा. लाभांशाची एक्स-डेट असेल तर कालच्या बंद भावातून लाभांश वजा करूनच गॅप काढा, नाहीतर नसलेली पडझड दिसते.

शीटमध्ये आम्ही घातलेली अट अशी आहे. C3 मध्ये कालचा बंद भाव, C4 मध्ये प्री-ओपनचा भाव, C5 मध्ये 14 दिवसांची सरासरी रेंज.

```
=IF(ABS(C4-C3)>0.5*C5,"NO TRADE","OK")
```

रेंज म्हणजे दिवसाचा उच्चांक वजा नीचांक. इथे एटीआर टाकू नका. त्यात गॅपही मोजलेले असतात, म्हणून आकडा फुगतो आणि अट सैल पडते. अर्ध्याची मर्यादा आमच्या पाहण्यातून आली आहे. तुमच्या शेअरवर तपासून बदला.

पण नुसता गॅप पुरेसा नाही, म्हणून दुसरी अट जोडली: पुढच्या लेव्हलपर्यंतची जागा स्टॉपच्या दीडपट तरी हवी. समजा काल उच्चांक 842, बंद 838, सरासरी रेंज 18 आणि वरची जुनी लेव्हल 856. प्री-ओपन 846 ला ठरला. गॅप 8, मर्यादा 9, म्हणजे पहिली अट पार. पहिल्या पंधरा मिनिटांची कँडल 845 ते 851 झाली. वर फुटल्यावर 851.50 ला घेतलं, तर स्टॉप 844.50 ला, म्हणजे जोखीम 7 आणि जागा फक्त 4.50. ट्रेड नाही. भाव 846 पर्यंत परत आला आणि स्टॉप कालच्या उच्चांकाखाली 841 ला ठेवला, तर जोखीम 5, जागा 10. हा ट्रेड बसतो. हजार रुपयांच्या जोखमीला 200 शेअर. शेअर तोच, सकाळ तीच, तरी एक जागा चालते आणि दुसरी नाही. हे आधी कागदावर असलं की फुटणाऱ्या कँडलमागे धावणं थांबतं.

बातमीच्या रकान्यात मथळे उतरवण्यात अर्थ नाही. वेळ लिहा. रिझर्व्ह बँकेचं पतधोरण सकाळी दहाला येतं, म्हणून त्या दिवशी 9:45 ते 10:30 नवीन सौदा नाही. निकालांची गोष्ट वेगळी. संचालक मंडळाची बैठक कधी संपेल ते आधी कळत नाही, आणि बाजार चालू असताना ती संपली तर अर्ध्या तासात निकाल जाहीर करावा लागतो. म्हणून बैठकीच्या दिवशी तो शेअर दिवसभर बाद. आपल्याकडे सोयाचे शेअर बघणाऱ्यांनी सोमवारी शुक्रवारपासूनच्या अधिसूचना वाचायलाच हव्यात. कच्च्या सोयातेलावरचं 20 टक्के मूळ आयात शुल्क 14 सप्टेंबर 2024 ला, शनिवारी, लागू झालं आणि 30 मे 2025 ला, शुक्रवारी, ते 10 टक्क्यांवर आणलं गेलं. छापील तक्त्यात शनिवार-रविवारसाठी जागाच नाही.

आणखी एक उणीव उरते. अट किती वाजेपर्यंत लागू, हे तक्ता विचारत नाही. गॅप मोठा निघाला तर दिवस सोडायचा की 10:15 ला पुन्हा मोजायचं? आम्ही चौथ्या रकान्याखाली हाताने ‘कधीपर्यंत’ अशी ओळ आखतो आणि ती 9:14 च्या आत भरतो.