ब्रासला दहा टेकू पुरतात का? जॅक आणि एक छोटी शीट, आठ महिन्यांनंतर

मागच्या पावसाळ्यानंतर मी स्लॅबखाली टेकू म्हणून लावायला ऐंशी स्टीलचे जॅक विकत घेतले. त्याआधी निलगिरीच्या बल्ल्यांवरच काम चालायचं. त्याच सुमारास फोनवर टेकू मोजायची एक शीट बनवली. आठ महिन्यांत सात स्लॅब भरले, सगळे कराडच्या आसपासच्या खेड्यांतले, घरगुती, एक-दोन मजल्यांचे. जॅकबद्दल सांगायचं आहेच, पण जास्त शीटबद्दल. जॅक कुठलेही घ्या. किती लावायचे हा हिशेब चुकला तर चांगल्या जॅकवरही स्लॅब बसतो. आमचा पहिलाच बसला.

आमच्याकडे चालत आलेला हिशेब सोपा आहे: ब्रासला दहा टेकू. शंभर चौरस फुटाला दहा, म्हणजे साधारण एका चौरस मीटरला एक. पहिल्या साइटचा हॉल बीमच्या आतून आतून 6 मीटर बाय 4.2 मीटर होता. क्षेत्रफळ 25.2 चौरस मीटर, पावणेतीन ब्रास. सेंट्रिंगवाल्या अण्णांनी सत्तावीस जॅक मागितले, मी सत्तावीस दिले. पाच इंची स्लॅब भरला. सेंट्रिंग खोलून सुतळी ताणली तर छताच्या मधोमध 12 मिलिमीटरची झोळ. एकही जॅक वाकला नव्हता, सरकला नव्हता. प्लॅस्टरवाल्याने मात्र "साहेब, इथं दोन हात मारावे लागणार" म्हणून जादा पैसे लावले.

अण्णा म्हणाले, "एवढं चालतंय." पण जॅक शाबूत असताना स्लॅब का बसला, ते माझ्या डोक्यातून जाईना.

पहिली चूक भागाकारातच आहे. 6 मीटर लांबीत मीटर-मीटरवर टेकू म्हणजे सहा टेकू नव्हेत. सहा गाळे पडतात आणि गाळ्यांपेक्षा टेकू एक जास्त लागतो, कुंपणाच्या खांबांसारखा. मी दोन्ही टोकांना बीमपासून 20 सेंटिमीटर सोडतो, म्हणजे 5.6 मीटर उरतात. 5.6 ला 1 ने भागून वर पूर्ण केलं की 6 गाळे, 7 टेकू. प्रत्यक्ष अंतर मग 93 सेंटिमीटर येतं. शीटमधलं सूत्र एवढंच:

```
=ROUNDUP((L-0.4)/S,0)+1
```

`L` म्हणजे मीटरमध्ये लांबी, `S` म्हणजे जास्तीत जास्त अंतर. हेच रुंदीला लावलं की रनरच्या, म्हणजे जॅकच्या डोक्यावर टाकायच्या लाकडांच्या, ओळी मिळतात: 4.2 मधून 0.4 गेले, 3.8 चे 4 गाळे, 5 ओळी. पाच ओळींत सात-सात म्हणजे 35 जॅक. क्षेत्रफळाने 27 म्हणत होतो, ते इथेच आठने वाढले.

पण रुंदीचं ते उत्तरही साइटवर टिकलं नाही. रनरवर अंथरायच्या आमच्या प्लेटा 90 बाय 60 सेंटिमीटरच्या. प्लेटीचं टोक रनरवरच यायला हवं, ते हवेत सोडून चालत नाही. म्हणजे रनरचं अंतर मी ठरवायचं नसतंच, प्लेट ठरवते. 4.2 मीटरमध्ये 90 च्या चार प्लेटा आणि आडवी फिरवलेली एक 60 ची बरोबर बसते. चार सांध्यांखाली चार रनर आणि दोन्ही कडांना एकेक, असे सहा. शीट पाच म्हणत होती, प्लेटांनी सहा मागितले. सहा गुणिले सात, 42 जॅक. आता शीटमध्ये रुंदीच्या रकान्याला सूत्रच नाही. प्लेटा कागदावर मांडतो, सांधे मोजतो आणि ओळींचा आकडा हाताने भरतो.

पहिल्या साइटचा उलगडा इथे झाला. ओळी तेव्हाही सहाच होत्या, कारण प्लेटा त्याच होत्या. अण्णांनी मधल्या चार ओळींत पाच-पाच जॅक लावले आणि उरलेले सात कडेच्या दोन ओळींत वाटले. पाच जॅक म्हणजे चार गाळे, एकेक गाळा 1.4 मीटरचा. ब्रासच्या हिशेबात दहाचे दहा होते. कागदावर कुठेच कमी नव्हते.

आता वजन बघा. पाच इंची स्लॅबचं ओलं काँक्रीट चौरस मीटरला साधारण 310 किलो. प्लेटा-रनरचे 60 धरा. भरताना माणसं, व्हायब्रेटर आणि ओतलेला ढीग यांचे मी 250 धरतो. झाले 620 किलो. मधल्या जॅकच्या वाट्याला रनरचं अंतर गुणिले जॅकचं अंतर एवढा तुकडा येतो. 0.9 गुणिले 1.4 केलं तर 780 किलो. माझ्या जॅकवर 3 मीटर उंचीला पुरवठादार टनभर सांगतो, म्हणजे जॅक पास आहे. नापास होतो तो रनर. 3 बाय 4 इंचाचा लाकडी रनर उभा ठेवला तर 93 सेंटिमीटरच्या गाळ्यात साधारण 1 मिलिमीटर वाकतो. वाक मात्र अंतराच्या चौथ्या घाताने वाढतो. अंतर दीडपट केलं की वाक पाचपट. 1.4 मीटरला तो 5 मिलिमीटर होतो. आणि रनर उभा न ठेवता आडवा टाकला, जो घाईत निम्म्या वेळा टाकला जातो, तर त्याच्यावर आणखी पाऊणपट.

मग राहिलेले 7 मिलिमीटर? ते जमिनीत गेले. तळमजला होता, नुकती मुरमाची भर टाकून पाणी मारलेलं होतं. जॅकचं बूड सहा बाय सहा इंचाचं असतं. तेवढ्यावर 780 किलो म्हणजे चौरस मीटरला 34-35 टन दाब. ताजा मुरूम एवढं सोसत नाही. बुडाखाली वीट ठेवली होती, ती सरळ रुतली. त्यानंतर मी दोन इंची जाड, नऊ इंची रुंद फळीवर दोन-दोन जॅक उभे करतो. दाब पाच-सहा टनांवर येतो आणि एखादी जागा मऊ निघाली तरी फळी भार वाटून घेते. हा खर्च शीटमध्ये दिसत नाही, पण माझ्या मते पहिल्या साइटवर सगळ्यात जास्त उणीव त्याचीच होती.

रनरचे नग मोजताना आणखी एक गंमत कळली. माझ्याकडे बहुतेक रनर 10 फुटी. दोन नग टोकाशी फूटभर एकमेकांशेजारी घेतले की 5.6 मीटर कसेबसे भागतात, म्हणजे सहा ओळींना बारा नग. तो जोड टेकूवरच यायला हवा. सात जॅकच्या ओळीत चौथा जॅक बरोबर मधोमध येतो आणि जोड त्याच्यावर बसतो. कडेच्या दोन ओळींवर निम्माच भार असतो म्हणून तिथे सहा जॅकांत भागवावं असं मला वाटलं. हिशेबाने भागतंही. पण सहा जॅक लावले की मधोमध जॅकच नसतो, जोड गाळ्यात लोंबकळतो. मग एक 12 फुटी आणि एक 8 फुटी नग घ्यायचे, म्हणजे जोड चौथ्या जॅकवर जातो. ते हाताशी असतील तर 40 जॅक, नसतील तर 42. दोन जॅक वाचवायला रनर शोधत फिरण्यात अर्थ नाही, मी 42 च लावतो.

शीटचे दोष सांगतो. ती सेंटिमीटरसाठी हट्ट धरते. त्याच हॉलच्या 4.2 मीटरच्या बीमला 75 सेंटिमीटर अंतर दिलं तर 3.8 भागिले 0.75 म्हणजे 5.07, आणि ती सहा गाळे करून सात जॅक मागते. पाच गाळ्यांना 76 सेंटिमीटर अंतर येतं, एवढ्याने काही बिघडत नाही. अशा वेळी मी सहाच लावतो. बीमचे जॅक मी पहिल्यापासून वेगळेच मोजतो. या हॉलच्या चार बीमना तीस लागले. स्लॅबच्या जॅकांतून बीमला भागवू म्हणणाऱ्याने ते एकदा मोजून बघावेत.

दुसरा घोळ लहान खोल्यांचा. 2.1 बाय 1.5 चं बाथरूम ब्रासच्या हिशेबाने तीन-चार जॅकांत बसतं. शीट तिथे दोन्ही बाजूंना तीन-तीन धरून नऊ मागते. प्लेटा मांडून पाहिल्या तर एक 90 ची आणि एक 60 ची, म्हणजे तीन ओळी. मधली ओळ तीन जॅकांची, कडेच्या दोन-दोन जॅकांवर निभतात, कारण 1.7 मीटरचा गाळा असला तरी तिथे रनरखाली बीमच्या साइडचा आधार ठोकून घेता येतो. सातात काम होतं. पण घरात अशा तीन-चार खोल्या असल्या की अख्ख्या घराचा ब्रासवरचा आकडा हमखास कमी पडतो, आणि तो कमी पडल्याचं कळतं ते स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी.

जॅकांबद्दल तक्रार एकच, पिना. 12 मिलिमीटरची पिन हरवली की पोरं 8 ची सळई खुपसतात. दिसायला सारखीच, ताकद निम्म्याहून कमी. आता पिना साखळीने वेल्ड करून घेतल्यात. आट्यात सिमेंटचं पाणी गेलं की रिंग फिरत नाही, म्हणून प्रत्येक स्लॅबनंतर ग्रीस. भरण्याच्या सकाळी मी स्वतः हातोडीने एकेक जॅक वाजवतो. भार घेतलेला जॅक ठणकतो, सैल असलेला बद्द वाजतो. दुसऱ्या साइटवर बेचाळिसात पाच बद्द निघाले होते. मोजले होते बेचाळीस, धरून होते सदतीस. काँक्रीट चालू असताना एक माणूस खालीच असतो. लिफ्टवाल्याने एका जागी अर्धा मीटरचा ढीग ओतला तर तिथे चौरस मीटरला साडेबाराशे किलो येतात, माझ्या हिशेबाच्या दुप्पट, म्हणून वरच्यांना फावड्याने लगेच पसरायला ओरडायचं कामही त्याचंच.

जॅक किती दिवस अडकून राहतात हेही घेण्याआधी धरायला हवं होतं. काँक्रीटच्या भारतीय मानकात, IS 456 मध्ये, साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबला टेकू 7 दिवस, त्याच्या वरच्याला 14 दिवस आहेत, बीमला 6 मीटरपर्यंत 14. तेही साध्या पोर्टलंड सिमेंटसाठी. आमच्याकडे दुकानात मिळतं ते बहुतेक पीपीसी सिमेंट, ते ताकद सावकाश धरतं, म्हणून मी स्लॅबला सातऐवजी दहा दिवस ठेवतो. एका हॉलला स्लॅबचे 42 आणि बीमचे 30 म्हणजे 72 झाले. ऐंशीतले आठ उरतात, त्यात एक बाथरूम होतं. स्वयंपाकघर आणि दोन खोल्यांना अजूनही भाड्याने आणतो.

सध्या अण्णा मसूरच्या साइटवर आहेत. काल फोन आला, "साहेब, किती पाठवताय?" मी म्हटलं, ओळी किती पडतात ते आधी सांगा. म्हणाले, "प्लेटा मांडतोय, थांबा."